गोकर्णीचे फेरे

"मेल्या, बुडाशी कापू नको, माझी गोकर्णी मरेल!" काकू गच्चीवर अशा ओरडल्या की लालबागची कबुतरं थेट परळला गेली. वेलीने टाकीच्या व्हॉल्व्हला विळखा घातला होता. चाळ पाण्याविना बसली होती आणि प्लंबर कोयता परजत होता.

तेवढ्यात संपावरचे आमचे एक शेजारी, गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, कापड विणणारे, पुढे आले. त्यांनी वेलीचा कोवळा शेंडा शोधला आणि ती वळली होती त्याच्या उलट एकेक फेरा सोडवला. पानांच्या दाटीत त्यांची बोटं दिसेनाशी झाली. शपथेवर सांगतो, एक कळी गळाली नाही! मग त्यांनी वेल काठीवर मूळच्याच दिशेने चढवली.

"उलटी गुंडाळली तर सुटून येते," ते म्हणाले.

"एवढा धीर कुठून आणता हो?" मी विचारलं.

"साचे बंद आहेत. घाई कसली?"