कुमुदिनीकाकूंची नोटीस

तात्या नलवडे नोटिशीचा अर्थ कधी वाचायचेच नाहीत. गडहिंग्लजात बत्तीस वर्षं प्रुफं तपासली त्यांनी. लग्नाच्या पत्रिका, जत्रेच्या, पाणी बंदच्या नोटिसा, सगळ्या. पण विचारलं की 'तात्या, कुणाचं लग्न होतं?' तर म्हणायचे, 'काय की बा. आशीर्वाद बरोबर होता, एवढं सांगतो.'

अर्थ बघायचं काम काकूंचं. कुमुदिनीकाकू, त्यांची बायको. दुपारी जेवणं झाली की काकू प्रेसमध्ये यायच्या, स्टुलावर बसायच्या आणि गिऱ्हाइकानं लिहून दिलेला कागद मोठ्यानं वाचायच्या. तात्या समोर छापील प्रूफ घेऊन, हातात लाल पेन. नुसतं वाचायचं नाही, फोडून वाचायचं. 'श्रद्धांजली. द ला ध, ली दुसरी. निमंत्रण, नि पहिली.' वेलांटी, उकार, रफार, विसर्ग सगळं तोंडानं. मी कॉलेज सुटल्यावर तिथं टायपिंगला जाते, पहिल्या दिवशी हे ऐकून मला हसूच फुटलं होतं.

काकू तात्यांना तासायच्या पण मजबूत.

'अहो, ह्यांनी वास्तुशांत संध्याकाळी सात लिहिलंय आणि जेवण दुपारी बारा. लोकांनी आधी जेवून मग घर बघायचं?'

'मला नको विचारू. वास्तुशांतचा तु पहिला आहे, माझं काम संपलं.'

'तुमचं काम अर्धंच असतंय,' काकू म्हणायच्या. 'उरलेलं अर्धं मी वाहते.'

तारीख आली की त्या बोटांवर मोजायच्या. वार जुळतोय का बघायच्या. कॅलेंडर कधी लागलं नाही त्यांना. तेवढा वेळ तात्या त्या ओळीवर पेन टेकवून गप्प बसायचे, आणि काकू 'हं' म्हणाल्या की पुढं सरकायचे. इतकं सवयीचं होतं ते, की मी कधी नीट बघितलंच नाही.

अजून एक. प्रेसमधले बिघडलेले कागद काकू घरी न्यायच्या. जवळच्या वाडीतल्या पाच बायका रविवारी त्यांच्याकडं यायच्या, शेतात मजुरी करणाऱ्या, साठीच्या आसपासच्या. त्यांना काकूंनी त्या कागदांवर वाचायला शिकवलं. तात्या त्यांना 'हिच्या पोरी' म्हणायचे.

३१ जानेवारीला काकू गेल्या. सकाळी चहा ठेवला आणि गेल्या. एवढंच.

पाचव्या दिवशी तात्या प्रेसमध्ये आले. दाढी वाढलेली. खिशातून वहीचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. उत्तरकार्याची नोटीस, त्यांच्याच अक्षरात.

प्रेसचे मालक इम्तियाजमामू उठून उभे राहिले. 'तात्या, तुम्ही कशाला? मी बघितलं असतं की.'

'तुझं तू बघ. मागच्या आठवड्यात स्मृतिदिनाची मृ फोडून ठेवलीस तू.'

मामू हसले, मग डोळे पुसले. 'लोक एवढं बघत नाहीत हो. कोण गेलं तेवढं वाचतात.'

'हिच्या पोरी बघतात,' तात्या म्हणाले. 'पावण्यांना मी फोन केलेत. वाडीत मात्र नोटीसच जाणार, बसच्या शेडात लावायला. त्या पाची जणी तिथं उभ्या राहून वाचणार. बाईंच्याच नोटिशीत चूक निघाली तर काय म्हणतील? तिचं आता एवढंच करायचं उरलंय माझ्याकडं. ते बिनचूक पाहिजे.'

मी टाईप केलं. फटाफट, नेहमीसारखं. वरचा शोकसंदेश त्यांच्या पुतण्यानं मोबाईलवर पाठवलेला, तो जुन्या फॉन्टात टाकल्यावर सगळा विस्कटला. पहिल्या वेलांट्या भलत्याच अक्षरांना चिकटल्या, क्ष फुटून क आणि ष वेगळे झाले. सगळं हातानं परत केलं. प्रूफ काढलं.

तात्यांनी लाल पेन उघडलं आणि समोरच्या स्टुलाकडं बघितलं. रिकामं होतं.

'ये बाळ,' म्हणाले. 'तू वाच.'

मला नको होतं तिथं बसायला. पण बसले.

'कुमुदिनी. कु पहिला, मु पहिला, दि पहिली, नी दुसरी.'

'हळू.'

'दुःखद. दु पहिला, विसर्ग.'

त्यांनी विसर्गावर खूण केली, मी विसर्गाच्या जागी चुकून तसाच दिसणारा कोलन टाकला होता. 'उत्तरकार्य' च्या रफारावर पेन फिरवून बघितलं. माझा आवाज चिरकत होता. काकूंच्या नावाआधी 'कै.' वाचताना तर थांबलेच मी.

मग ती ओळ आली. 'गुरुवार, दिनांक ११ फेब्रुवारी. रु पहिला, ब्रु पहिला.'

तात्यांनी त्या ओळीवर पेन टेकवलं आणि गप्प झाले.

खूप वेळ. मान खाली. मला वाटलं, रडतायत. मला ते बघवेना. आणि मी, देवा, मी हळूच म्हणाले, 'पुढं वाचू तात्या?'

त्यांनी दचकून माझ्याकडं बघितलं. 'हं?' म्हणाले. मग, 'हां. वाच.'

शेवटी त्यांनी खाली सही केली. दुरुस्त्या करून मी दुसरं प्रूफ दिलं, ते त्यांनी खुणांवरून पडताळलं. एकही मात्रा चुकीची नव्हती. मामूंनी पन्नास नोटिसा छापल्या.

अकरा तारखेला बुधवार होता.

बुधवारी उत्तरकार्य झालं. पावणे आले, गल्ली आली, मीही होते. तात्या जेवायला बसेनात. सारखे दारात जाऊन रस्त्याकडं बघत होते. 'पोरी आल्या न्हाईत,' म्हणत होते. 'नोटीस वाचली नसंल का त्यांनी?' पुतण्या म्हणाला, 'सुगी आहे काका, कामावर असतील.' तात्या परत दारात गेले. त्या दिवशी पानाला हात लावला नाही त्यांनी.

गुरुवारी मी डबे परत द्यायला गेले. पावणे गेले होते, सतरंज्या गुंडाळलेल्या. तात्या एकटेच. आणि दारात त्या पाच बायका. धुवट लुगडी, एकीच्या हातात नारळ, एकीच्या पदरात वाटीभर हरभरे.

'तात्या, मांडव कुठाय?' सगळ्यात पुढची, तानाबाई, म्हणाली. 'आमी रोज बुडवून आलोय. बाईंचं कार्य आज न्हवं?'

तात्यांना कळेना. तानाबाईनं कनवटीची घडी सोडली. शेडातली नोटीस काढूनच आणली होती त्यांनी. तिनं कागद लांब धरला आणि वाचायला लागली, अगदी काकूंसारखं, फोडून. 'गुरुवार. रु पयला. बरोबर हाय की वो. आमी वारच धरून आलो.'

मी हातातले डबे खाली ठेवले. मला तिथंच सगळं समजलं. त्या ओळीवर ते रडत नव्हते. वाट बघत होते. बोटं मोजून कुणीतरी 'हं' म्हणायची.

'तात्या, मी,' मी म्हणाले, 'मी घाई...'

'गप,' ते म्हणाले. रागानं नाही. 'कागद माझ्या हातचा होता.'

मग बायकांकडं वळले. 'बरोबर आलाय तुम्ही. आजच हाय. बसा.'

सतरंजी त्यांनी स्वतः उलगडली. मी भात टाकला, तानाबाईनं पिठलं हाटलं. भिंतीवर काकूंचा फोटो होता, त्याच्याखालीही एक पान मांडलं. काकूंसमोर आदल्या दिवशी सगळं गोडधोड झालं होतं, आज पिठलं-भात.

जेवताना तानाबाई म्हणाली, 'कालच आलो असतो आमी. पण बाई म्हनायच्या, लिवलेलं वाचायचं, ऐकलेलं न्हाई. तुमच्या गल्लीतला एकजण बुधवार म्हनत हुता. आमी म्हटलं, कागदावर बघ की मर्दा.'

तात्यांचा घास हातातच राहिला.

मी आता प्रत्येक नोटिशीचा वार मोजते. बोटांवर. तात्या पेन टेकवून थांबतात आणि मी कितीही खात्री असली तरी पुन्हा मोजते. मग 'हं' म्हणते. ते लगेच पुढं सरकत नाहीत. क्षणभर स्टुलाकडं बघतात, मग सरकतात.