आंबलेली दाळ आणि परीक्षेची सकाळ

झाकण काढलं आणि मी एक पाऊल मागे सरले. वास फार नव्हता. पण झाकणाच्या आतल्या बाजूला घामासारखे थेंब धरले होते आणि दाळीवर बारीक बुडबुड्यांची साय आली होती. पळी घालून तळापासून हलवली तर दाळ पळीला धरून उतरली, तारेसारखी. आणि मग वास आला. आंबट, थोडा कुबट.

धुळ्याच्या मुलींच्या वसतिगृहात मी तेव्हा मुख्य स्वयंपाकीण होते. मुली मला अक्का म्हणत. दुष्काळाचं साल होतं, उन्हाळा लागलेला, मुलींच्या वार्षिक परीक्षा चालू. उजाडायला अजून थोडा वेळ होता. उजाडल्यावर सगळ्या नाश्त्याला येणार आणि तिथून परस्पर पेपरला जाणार होत्या.

आमच्याकडे परीक्षेच्या दिवसांत सकाळी फोडणीची दाळ आणि भाकरी असे. रात्रीची दाळ उरली की तिलाच लसूण-मिरचीची फोडणी द्यायची. आदल्या रात्री गावातल्या एका लग्नाचं जेवण होतं, निम्म्या मुली तिकडे गेल्या, म्हणून दाळ भरपूर उरली. माझी जोडीदार यशोदा एरंडोलची. हाताला चलाख, आणि अन्न वाया गेलं की तिच्या जिवाला लागे. तिने दाळ गार पडू नये म्हणून घट्ट झाकण लावून तपेलं निवत्या चुलीवरच ठेवलं होतं. तिचा हेतू चांगला होता. पण खोल तपेल्यातली घट्ट दाळ कडेने निवते, मध्ये रात्रभर कोमट राहते. त्या कोमटपणातच दाळ बिघडते. उकळती दाळ सहसा बिघडत नाही, गार दाळ लवकर बिघडत नाही. मधली बिघडते. मी तपेल्याला हात लावला, ते अजून कोमटच होतं.

यशोदा म्हणाली, चांगली खदखदून उकळू, वरून चिंच-गूळ घालू, आंबट कशामुळे लागतं ते कोणाला कळायचं नाही. तिचं खोटं नव्हतं. चिंचेच्या आमटीत तो वास सहज लपला असता. मलाही क्षणभर तसंच करावंसं वाटलं. तूरदाळ रेशनवर मिळेल तेव्हा मिळायची, पाणी टँकरने यायचं, आणि आता नवीन दाळ शिजवायला वेळ नव्हता. पण पेपर लिहिताना एखाद्या पोरीच्या पोटात कळ आली तर तिचं वर्ष जाणार, हेही डोळ्यांसमोर होतं.

मी रेक्टरबाईंना उठवायला गेले. पाटीलबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्या पदर खोचत स्वयंपाकघरात आल्या, वास घेतला, पळीने हलवून पाहिलं.

"उकळून चालेल का?" त्यांनी विचारलं.

"वास जाईल, बाई. बाधा जाईल की नाही ते मला सांगता यायचं नाही."

त्यांनी पळी खाली ठेवली. "मग मुलींना नको," म्हणाल्या. "दुसरं काय होईल?"

कोठीत कळण्याचं पीठ होतं. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं, त्याला आमच्याकडे कळणा म्हणतात. शेंगदाणे होते, लसूण होता. मी चुलीवर दोन तवे चढवले. यशोदा भाकऱ्या थापू लागली, मी दाण्याची चटणी कुटली. परीक्षेच्या दिवशी तिखट नको म्हणून मिरची हात राखून घातली. मुली आल्या, दाळ का नाही म्हणून कुरकुरल्या, तेल-चटणीशी गरम भाकरी खाल्ली आणि निघून गेल्या. इथवर सगळं सोपं होतं.

अवघड पुढे आलं. मागच्या दाराशी रोज सकाळी दोन-चार बाया येत. खडी फोडायच्या दुष्काळी कामावर जायच्या आधी आमचं उरलंसुरलं त्या घेऊन जात. त्यात झिपरीबाई म्हणून साक्रीकडची एक होती, तिची मुलं बरोबर असत. तिने तपेलं पाहिलं आणि पातेली पुढे केली.

पाटीलबाईंनी मला बाजूला घेतलं. हलक्या आवाजात म्हणाल्या की यांना द्यावी, घरी नेऊन उकळतील, निदान वाया जाणार नाही. त्या दयाळूपणानेच बोलत होत्या.

मी म्हटलं, "बाई, आपल्या मुलींना जे नको, ते यांच्या मुलांना कसं चालेल?"

मीच झिपरीबाईला सांगितलं की दाळ खराब झाली आहे, देता येणार नाही.

"आमले काय व्हस, अक्का?" ती अहिराणीत म्हणाली, आम्हाला काय होतंय अशा सुरात. "पोरं उपाशी शेतस."

तिच्या पातेलीकडे बघून आणखी काही सांगायचा धीर मला झाला नाही. दुष्काळात तिच्यासमोर दाळ ओतून टाकायची, आणि तिला म्हणायचं की तुझ्या भल्यासाठी! मी आत गेले. माझ्या आणि यशोदाच्या वाटच्या भाकऱ्या आणि उरलेली चटणी तिच्या पदरात घातली. बाईंनीही आपल्या वाटच्या भाकऱ्या आणून दिल्या. झिपरीबाईने घेतल्या, पण तिचं तोंड उतरलेलंच राहिलं. मग आम्ही दाळ परसातल्या खड्ड्यात ओतली आणि वर राख टाकली, कोणी उचलून नेऊ नये म्हणून. राख टाकताना मला फार वाईट वाटलं.

यशोदा त्या वेळी गप्प होती. का, ते दुपारच्या आधी कळलं. भांडी घासता घासता ती उठली आणि ओकायला लागली. मग पुन्हा, आणि पुन्हा. शेवटी तिने कबूल केलं की मी बाईंना बोलवायला गेले तेवढ्यात तिने वाटीभर दाळ बाजूला काढली होती. आपल्यामुळे नासली, निदान आपण तरी खाऊ, असं तिला वाटलं. चांगली रटरटा उकळून मग खाल्ली होती.

बाईंनी डॉक्टर बोलावले. त्यांनी यशोदाला मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजायला सांगितलं. मी विचारलं, उकळली होती तरी कसं? ते म्हणाले, उकळल्याने जंतू मरतात, पण त्यांनी आधी अन्नात सोडलेलं विष कधी कधी उकळूनही जात नाही. संध्याकाळी यशोदा उठून बसली, दुसऱ्या दिवशी कामावर आली. झिपरीबाईला तिने स्वतःच हकिकत सांगितली. झिपरीबाई ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "बरं व्हयनं." दिली नाही ते बरं झालं, असं.

पेपर सगळ्या मुलींनी दिला. त्यांना यातलं काही कळलं नाही, त्यांच्या लक्षात राहिली ती फक्त फिकी चटणी.

आता मी घरी असते. शेजारच्या सुना वाटी घेऊन येतात आणि विचारतात, अक्का, ही चालेल का बघा. मी वास घेतच नाही. विचारायला यावं लागलं, म्हणजे टाकायची.