तीन ग्रिपची बॅट

जरा जवळ सरक गं पोरी. तू समोर नाहीस हे कळतंय मला, पण लिहिताना मी तुला समोरच बसवते. आन् बसलीस तर आधी बोलणी खा. बाप गेल्यापासून एकदाच आलीस शिरूरला, तीही उभ्या उभ्या. आणि परवा फोनवर विचारतेस, "आजी, बाबांची बॅट काकानं टाकून का दिली?" टाकून दिली नाही. ऐक नीट.

तुझा बाप गेला त्यानंतर मी आपल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात येऊन बसायचे, एवढंच. शटर उघडायचं, कापडानं काउंटर पुसायचं, चहा यायचा, गार व्हायचा. कुणी शटलकॉक मागितली तर शटलकॉक द्यायची. लोक म्हणायचे, रडून घ्या, बरं वाटंल. रडू येत नव्हतं. बरंही वाटत नव्हतं न् वाईटही नाही. पाय झोपल्यावर कसं, चिमटा काढला तरी दुसऱ्याचाच वाटतो, तसं.

तुझा काका दर रविवारी न्हावऱ्यावरून गाडी काढून दौंडला क्लबकडून खेळायला जायचा, हे तुला ठाऊक आहे. लेदर बॉल, काथ्याच्या मॅटिंगची विकेट. भाऊ गेल्यावर त्यानं स्वतःची जुनी बॅट माळ्यावर टाकली आणि तुझ्या बापाची घेतली.

मग एका दुपारी तो आणि त्यांच्या क्लबचे आप्पा दुकानात आले. आप्पा रेल्वेतून रिटायर झालेले, आता क्लबची अंपायरिंग, तालीम, भांडणं सगळं तेच बघतात.

आप्पा आल्या आल्या म्हणाले, "वैनी, ह्याला समजवा. म्हणतो, आता खेळत न्हाई."

"का रं?"

काकानं बॅट काउंटरवर ठेवली. "हात गेलं माझं, आई. भाऊची बॅट बाराशे पन्नास ग्रॅमची. तो एका हातानं फिरवायचा. ही आता काट्यावर अकराशे पन्नास भरते, बघ, आन् तरी मला उचलत न्हाई. ड्राइव्हला बॉल निघून जातो, मग बॅट खाली येते. हलकी झालेली बॅट जड लागती, म्हंजी माणसातच दम उरला न्हाई."

"मॅचला गेल्या दोन्ही बारी बोल्ड," आप्पा म्हणाले. "बॅट न् पॅडच्या मधल्या गेटातनं बैलगाडी जावी येवढी फट. मी अंपायर, मलाच लाज वाटली बोट वर करायची."

"बोल्डला बोट कशाला लागतंय, आप्पा?"

"तेच तर! तेवढंसुद्धा काम ठेवलं न्हाई ह्यानं मला."

काका हसला नाही. त्याचं तोंड माझ्यासारखंच होतं, पांढरंफटक, रिकामं. तो खेळ सोडणार हे मला कळलं. सोडला असता तर रविवारीही तो माझ्यासारखाच दुकानात येऊन बसला असता. दोघं समोरासमोर, गार चहा घेऊन. तेवढं मात्र मला नको होतं.

मी बॅट काट्यावर ठेवली. अकराशे पन्नास. काटा खोटं बोलत नाही, हे या दुकानात तुझ्या आजोबांपासून सगळे म्हणत आलेत. पण शंभर ग्रॅम गेलं कुठं? तासलेली नव्हती. कडेला मोजपट्टी लावली, चाळीस मिलिमीटर, जशीच्या तशी. नियमात बसते तेवढी पुरी जाड. लाकूड वाळून एवढं उतरत नाही.

मग मूठ धरली आणि माझ्या हाताला आधी कळलं. बारीक लागली.

"ग्रिप बदललीस?"

"व्हय. जुन्या पार कडक झाल्या होत्या घामानं. कापून काढल्या आन् नवी घातली."

"किती काढल्यास?"

मोजलं नव्हतं त्यानं. मी मोजलं होतं, मीच घातल्या होत्या. तुझ्या बापाचा पंजा फावड्यासारखा, एका ग्रिपवर मूठ त्याच्या हातात गडगडायची. मी एकावर एक तीन चढवून दिलेल्या. एक ग्रिप पन्नासेक ग्रॅमची. वजन मुठीकडं आलं की काटा जास्त दाखवतो, पण पातं हाताला हलकं लागतं. दोन ग्रिप काढल्यावर काटा उतरला न् सगळं ओझं गेलं टोकाशी. त्यातून ही बॅट आपल्या इथल्या मातीच्या विकेटसाठी घेतलेली. तिथं चेंडू खाली बसतो म्हणून तिचं लाकूड मुळातच खाली भरलेलं.

ग्रिप चढवायचा लाकडी कोन घेतला, वर दोन ग्रिप चढवल्या. काट्यावर परत बाराशे पन्नास.

"आता वरच्या हातानं एकट्यानं धर. जमिनीला आडवी कर."

त्यानं धरली. आडवी राहिली. त्यानं माझ्याकडं बघितलं, परत बॅटीकडं.

"मायला! हात हाय की," आप्पा म्हणाले. "मीच पेढं वाटतो."

काकाचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. पण बॅट दोन हातांत घेऊन स्टान्स घेतला न् तिथंच थांबला. त्याची बोटं मुठीभोवती पुरत नव्हती. त्याचा हात माझ्यावर गेलाय, लहान. मनगट वळेना.

"ही भाऊच्या हाताची हाय," तो म्हणाला. एवढंच.

मग मी बऱ्याच दिवसांनी काउंटरच्या बाहेर आले, त्याच्यासाठी नवी बॅट बघायला.

आप्पांनी आधीच एक काढून ठेवलेली, ग्रेड वन, सरळ बारीक रेषा, कड पुरी चाळीस. "ही घे. कड लागली तरी सिक्स."

"कड लागायलाच खेळतो का तो?" मी म्हटलं. त्या बॅटीला पाठीमागून हात फिरवला. कणा पोखरलेला. कड जाड न् वजन कमी दिसलं की लाकूड कुठून तरी काढलेलंच असतं. दिसायला छान. त्याला मॅटिंगवर खेळायचं, चेंडू वर येणार, तर मारायची जागा जरा वर हवी.

एकेक बॅट हातात देत गेले. डोळे मिट म्हटलं, वजन विचारू नको, वरच्या हातानं उचल. दोन खाली ठेवल्या, तिसरीही. चौथी उचलली आणि परत उचलली. इंग्लिश विलोच्याच लाकडाची, पण ग्रेड टू. पात्यावर एक तांबूस डाग, रेषा जरा रुंद. कड सदतीस. काट्यावर अकराशे सत्तर, तेवढं मी आता त्याला सांगितलं.

"भाऊच्यापेक्षा जड कशी लागंना?" त्यानं डोळे मिटूनच विचारलं. एका ग्रिपच्या त्या बॅटीपेक्षा ही वीस ग्रॅमनं जास्तच होती.

"कारण ती त्याची होती."

आप्पांनी जुना बॉल पात्यावर टपटप करून आवाज ऐकला. "डागाकडं बघू नको. आमच्या हिच्या गालावर पन हाय, चाळीस वर्स टिकली."

"आप्पा, घरी सांगू का?"

"वैनी, नातं ठेवा."

नवी बॅट लगेच मॅचला नेत नाहीत. पात्याला तेल लावून रोज संध्याकाळी दुकानातच काका तिला लाकडी मोगरी मारायचा, पातं पक्कं व्हावं म्हणून, आधी हळू, मग कडेकडेनं. ठक्, ठक्. सगळं घर इतके दिवस मुकं होतं, त्यात तो एक आवाज. मी ऐकत बसायचे. रडू तेव्हाही आलं नाही. फक्त एक दिवस माझ्याकडून चहा गरम असतानाच प्यायला गेला, आणि ते मला कप खाली ठेवल्यावर कळलं.

पुढं तो खेळला. रन किती केले, मी विचारलं नाही. आप्पांचा फोन आला, "वैनी, आज बॉलला उशीर केला न्हाई त्यानं." कॅच आउट झाला म्हणे.

तर तुझ्या बापाची बॅट दुकानात आहे, माझ्या खुर्चीमागं. तिच्या तीन ग्रिप मी काढल्या नाहीत. आल्यागेल्याला विकत नाही, उचलूही देत नाही. तुझा पंजा मात्र बापावर गेलाय, लहानपणी माझी बोटं तुझ्या मुठीत गडप व्हायची. तिच्याभोवती बोटं पुरतील अशी घरात आता तू एकटीच. फोनवर बॅट उचलता येत नाही गं. सुट्टीची वाट बघू नकोस. लवकर ये, आणि ह्या खेपेला बसायला ये.