मामाचं गोदाम

सत्यशीलाची आई ती लहान असतानाच गेली. तेव्हापासून चौसाळ्याच्या सुंदररावमामांनी तिला वाढवलं. मामांचं ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान होतं. सत्यशीला शिकून पुण्याला एका ब्रोकरेज कंपनीत शेअर विश्लेषक झाली, तेव्हा मामा गिऱ्हाइकाला माल दाखवता दाखवता सांगायचे, "आमची पोरगी कंपन्यांची नाडी बघती."

मामा ज्या कंपनीचा माल विकायचे, नेमका तिचाच अभ्यास सत्यशीलाकडे आला. बाजारात शेअर तीनशेच्या आसपास होता. आकडे उत्तम दिसत होते, म्हणून ती स्वतः दुकानं पाहायला निघाली आणि शेवटी चौसाळ्याला आली. गोदामात नळ्यांची भेंडोळी छतापर्यंत रचलेली होती.

"मामा, एवढा माल कावून?"

"मार्च आला की कंपनी गळ्यात घालती. त्यांच्या कागदावर इकला गेला, आमच्याकडं पडून हाय. अनुदान अडकलंय, शेतकरी घेईना. आमी पैसं दिलेलं न्हाईत, त्यांनाबी ठावं हाय."

आधी पाहिलेल्या काही दुकानांतही तिला हेच दिसलं होतं. पुण्यात येऊन तिनं हिशोब मांडला. पुढच्या वर्षी एका शेअरमागं किती नफा होईल याचा अंदाज वीस रुपये. बाजार अशा कंपनीला नफ्याच्या किती पट भाव देईल, तर तिच्या मते बारा पट. म्हणजे लक्ष्य किंमत दोनशे चाळीस, आणि शिफारस 'विका'.

संशोधन विभागाचे प्रमुख विजयसिंह यांनी अहवाल शांतपणे वाचला.

"नफ्याचा अंदाज राहू दे. पट मात्र वीस धर."

"का, सर? वसुली होत नाहीये त्यांची."

"ठिबकला भविष्य आहे, लोक जास्त भाव देतील. तो मताचा प्रश्न आहे. 'विका' लिहिलंस तर त्यांचे वित्तप्रमुख आपल्या गुंतवणूकदार परिषदेला येणार नाहीत, आणि तुझा फोनही घेणार नाहीत. मागं एकानं लिहिलं, त्याला कंपनीच्या बैठकांत आजतागायत प्रश्न विचारू देत नाहीत."

कंपनी लवकरच मोठ्या फंडांना नवे शेअर विकणार, अशी बाजारात कुजबुज होती. ती विक्री करून देण्याचं काम मिळवायला सत्यशीलाच्या ब्रोकरेजच्याच समूहाची दुसरी शाखा धडपडत होती. संशोधन आणि ती शाखा यांच्यात भिंत असावी असा नियम आहे. विजयसिंहांनी त्या कामाचा उल्लेखही केला नाही. करायची गरज नव्हती.

वीस गुणिले वीस, चारशे. शिफारस 'खरेदी करा'. वसुलीची गोष्ट 'जोखीम' या मथळ्याखाली आतल्या पानावर एका ओळीत गेली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलं होतं की समूह या कंपनीकडून इतर काम मिळवू शकतो. त्याच्या वर सत्यशीलाचं नाव, आणि ही मतं माझी स्वतःची आहेत, असं प्रमाणपत्र. तिनं अहवाल पाठवून दिला.

बीडच्या एका दलालानं तो अहवाल मोबाइलवर सगळ्यांना धाडला. मामांपर्यंत पोचला. त्यांनी तिला काही विचारलं नाही. गावालगतचा प्लॉट विकला आणि शेअर घेतले.

पुढं कंपनीनं थकबाकी बुडाल्याचं मान्य केलं आणि शेअर शंभराच्या खाली आला. त्यानंतर सगळ्या विश्लेषकांनी लक्ष्य किमती उतरवल्या. सत्यशीलाच्या अहवालावर 'खरेदी करा'ऐवजी 'ठेवा' असं आलं. मामांनी प्लॉट विकून शेअर घेतल्याचं तिला मामीच्या, छबुबाईंच्या, फोनवरून कळलं. ती तशीच चौसाळ्याला गेली.

मामा दुकानाच्या पायरीवर बसले होते.

"मामा, तुम्ही तर गोदाम रोज बघत होता. तरी घेतले?"

"बघत व्हतो की. पण म्हनलं, माझं एक गोदाम. तू धा जागी फिरलीस, शिकलेली हायस. माझा माल बघूनबी घ्या म्हनतीस, म्हंजी मला दिसत न्हाई असं तुला काहीतरी दिसलं आसंल." मग त्यांनी विचारलं, "काय दिसलं व्हतं?"

तिनं पट सांगितली, परिषद सांगितली, दुसरी शाखा सांगितली. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी मी सांगितलं ते खरं व्हतं."

"हो."

"आन् तुलाबी ते खरंच वाटलं व्हतं."

मामा उठून आत गेले आणि गिऱ्हाइकाशी बोलू लागले.

सत्यशीलानं नोकरी सोडली. आता ती बीडच्या एका कॉलेजात लेखाशास्त्र शिकवते. मामांचे बुडालेले पैसे भरून द्यायला गेली, तर मामांनी घेतले नाहीत. रागही केला नाही. दिवाळीला तिला बोलावतात, मामी ताट वाढते. मामा विचारतात, "तुमी बऱ्या हाव ना, ताई?"

लहानपणापासून ते तिला 'तू' आणि 'सत्ते' म्हणायचे. ती मान हलवते आणि जेवते.