सरळ मराठीतला परिच्छेद

माझा नवरा ठाण्याच्या कचेरीत कारकून होता आणि फावल्या वेळात एका विमा कंपनीचा एजंट. आमच्या वेळी नवऱ्याचा उल्लेख 'इकडून' असा आडून करायची रीत होती. मी इथे सरळ 'नवरा' लिहिते. आडून बोलण्याने काय होते ते पुढे येईलच.

आयुष्याचा विमा तेव्हा आमच्या लोकांत नवा होता. माणूस जिवंत असताना त्याच्या मरणाचे पैसे ठरवायचे, हे बायकांना अभद्र वाटे. पण कचेरीतले आणि रेल्वेतले पगारदार लोक हळूहळू विमे उतरवू लागले होते. विमापत्र इंग्रजीत येई. त्याला मराठी तर्जुमा जोडलेला असे, तो इंग्रजीपेक्षा कठीण. लोक ते विमापत्र न वाचता देव्हाऱ्यामागे ठेवून देत.

पुढे चेंदणीतल्या एका घरी विम्याचे पैसे नाकारले गेले. गृहस्थाने दमा लपवला होता. बाजारपेठेत बोलवा झाली, की कंपनी हप्ते घेते आणि मेल्यावर हात वर करते. नवऱ्याची नवी गिऱ्हाइके थांबली. तेव्हा त्याला वाटले, ज्या अटीवरून हे झाले तो परिच्छेद सोपा करून छापावा आणि घरोघर वाटावा. दोन संध्याकाळी खपून त्याने मजकूर केला आणि मला वाचून दाखवला.

"सदरहू विमापत्रास आधारभूत जे निवेदनपत्र, तदंतर्गत कोणतेही विधान असत्य आढळल्यास सदरहू विमापत्र निष्प्रभ होऊन तत्प्रीत्यर्थ भरणा केलेले सर्व हप्ते कंपनीकडे जप्त होतील, परंतु विमाधारकाने आपल्या हयातीत वयासंबंधीची चूक कंपनीच्या नजरेस आणल्यास, हप्त्यात कमी पडलेला फरक सव्याज घेऊन सुधारलेले वय मान्य करण्याचा अधिकार कंपनी आपणांकडे राखून ठेवीत आहे."

"कसं वाटलं?"

"श्राद्धाचे मंत्र वाटले," मी म्हणाले. "यात सोपं काय केलंत?"

"मूळचं दीड पान होतं."

मी शाळेत चार इयत्ता शिकले होते. तो परिच्छेद मी घेतला आणि आधी एकच गोष्ट शोधली : वाचणाऱ्याने काय करायचे आहे? ती गोष्ट अगदी शेवटी, 'परंतु'च्या मागे दडली होती. ती मी वर आणली. एका वाक्यात चार गोष्टी होत्या, त्यांची चार वाक्ये केली. 'विमाधारक' काढून 'तुम्ही' घातले. मग शेजारच्या सोनारणीला, जिला अक्षरओळख नव्हती, ते वाचून दाखवले आणि तिला म्हटले, आता तुझ्या शब्दांत सांग. ती म्हणाली, "वय चुकलं तर पैसे भरले की झालं." तेव्हा मला कळले, की एक वाक्य चुकले आहे. कंपनी वय सुधारून देईलच असे मूळ मजकुरात नव्हते. देण्याचा अधिकार तिच्या हातात होता. मी ते वाक्य बदलले. शेवटचा मजकूर असा झाला :

"अर्जात तुमचे वय खोटे लिहिले असेल किंवा आजार लपवला असेल, तर आजच कळवा. वय कमी लिहिले असेल, तर राहिलेला फरक व्याजासह भरून ते दुरुस्त होऊ शकते. दुरुस्त करायचे की नाही हे कंपनी ठरवील. तुम्ही जिवंत असेपर्यंतच हे होऊ शकते. न कळवता तुम्ही वारलात आणि खोटे उघडकीस आले, तर घरच्यांना विम्याचे पैसे मिळणार नाहीत. भरलेले हप्तेही परत मिळणार नाहीत."

नवऱ्याने वाचले आणि शेवटच्या दोन वाक्यांवर बोट ठेवले. "हे काढ. लोक बिथरतील."

"ते काढलंत तर उरलं काय?"

"अगं, मरणाचं इतकं तोंडावर कोणी लिहितं?"

"विमा कशाचा आहे मग? बारशाचा?"

तो वैतागला, पण मजकूर तसाच मुंबईला कंपनीकडे गेला. मला वाटले होते, साहेब फाडून टाकतील. उलट आठवड्यात मंजुरी आली, आणि वर सूचना, की हा कागद प्रत्येक विमेदाराला द्यावा व पोहोचल्याची सही घ्यावी. मला अभिमान वाटला. शिळाप्रेसवर छापून आणलेल्या त्या कागदांचा वास मी अजून विसरले नाही.

कल्याणच्या विमेदारांकडे कागद द्यायला नवरा निघाला, तेव्हा मीही गेले. माझी बहीण तिथे दिली होती. तिच्या आळीतच रेल्वेच्या मालधक्क्यावरचे एक कारकून राहत. बिजवर. दुसरी बायको विशीच्या आतबाहेरची, कडेवर मुलगी. घरात त्यांची थोरली बहीण, विधवा, कडक सोवळ्याची. कारकुनांनी सही करून कागद घेतला आणि न वाचता बायकोकडे दिला. पुरुष ओटीवर बोलत बसले. ती कागद घेऊन माझ्याकडे स्वयंपाकघरात आली. तिला वाचता येत होते, हळू, शब्दाखाली बोट धरून. दोनदा वाचले.

"वहिनी, वय म्हणजे कोणतं? लग्नाच्या पत्रिकेतलं की खरं?"

मी हसले. ती हसली नाही.

आता हे सांगायला हवे. बिजवराचे लग्न जमवताना पत्रिका नवी करून घेत, चार-सहा वर्षे खाली आणून. मुलीच्या बापाला संशय असे, पण पत्रिका हातात आली की त्याचेही समाधान होई. विमा उतरवताना वयाचा पुरावा म्हणून लोकांपाशी दुसरे काय असायचे? तीच पत्रिका. आणि हप्ता तर वयावर ठरतो. वय कमी, हप्ता कमी.

"वन्सं परवा म्हणत होत्या, सत्तावनच्या बंडाच्या साली यांची मुंज झाली," ती म्हणाली. "मी हिशेब केला. पत्रिकेत आठ वर्षं कमी आहेत."

"मग आज सांगून टाक. तुझा नवरा आणि माझा नवरा दोघंही बाहेर बसलेत."

"तुम्ही सांगा ना."

मी दारात जाऊन सांगितले. कारकून आधी लाल झाले आणि मग हसू लागले.

"वा! बायका आता आमची वयं काढायला लागल्या. भाऊसाहेब, तुमच्याकडे घरीच कचेरी भरते वाटतं?"

"फरक फार होणार नाही," माझा नवरा पुटपुटला.

"फरकाचं नाही हो. रेल्वेतही तेच वय लागलंय. तिथे कळलं तर आठ वर्षं आधी घरी बसवतील. आणि सासरे समोरच्या आळीत राहतात. हिला सांगून आलेला एक बिजवर त्यांनी माझ्याहून वयस्कर म्हणून परत पाठवला होता. त्यांना आता काय सांगू, की खरं तर तो माझ्याहून लहान होता?"

"तुमच्यामागे या दोघींचं काय?" मी विचारले.

"मी एवढ्यात मरत नाही वहिनी. पोती उचलणाऱ्या हमालाला विचारा, माझा आवाज कुठवर जातो." मग आत वळून, "अगं, चहा कर. आणि तो कागद ठेव देवामागे."

तिने कागद चुलीवरच्या फळीवर ठेवला. चहा केला. परतताना मी नवऱ्याला म्हटले, "तुम्हांला आता कळलंय. तुम्ही कंपनीला कळवायला हवं."

"मी काही ऐकलं नाही," तो म्हणाला. "तूही नाहीस."

त्यानंतर दोन वर्षे ती कुठे लग्नाकार्यात भेटली, की मी विचारी, सांगितले का? ती नाही म्हणून मान हलवी. तिने तीनदा विषय काढला होता. तिसऱ्या वेळी त्यांनी ताट भिरकावले. मग तिने सोडून दिले.

ते तापाने गेले. पाच दिवसांत. आवाज मालधक्क्याच्या पलीकडे जाणारा माणूस शेवटी पाणी मागू शकत नव्हता, असे बहिणीने सांगितले.

कंपनीचा चौकशी करणारा गृहस्थ आला तेव्हा एजंट म्हणून नवऱ्याला जावे लागले, आणि मी त्याच्याबरोबर गेले. ती आतल्या कोपऱ्यात बसली होती. केस गेले होते. कंपनीचा माणूस सभ्य होता. ओटीवर बसून त्याने वन्संना अदबीने विचारले, "आई, तुमच्या भावाला तुम्हीच अंगाखांद्यावर खेळवलं असेल?"

"मग! मीच तर. आई याच्या वेळी आजारी होती."

"मुंज कधी केलीत?"

आतून ती ओरडली, "वन्सं!"

वन्संनी तिकडे पाहिलेही नाही. एवढ्या दिवसांत त्यांच्या भावाविषयी कोणी इतक्या आस्थेने विचारले नव्हते. "बंडाच्या साली. सगळीकडे गडबड, मांडवाला माणसं नाहीत. आठवं लागलं होतं त्याला. एवढासा, पण संध्या खणखणीत म्हणायचा."

कंपनीच्या माणसाने लिहून घेतले. नंतर त्याने मालधक्क्यावरच्या जुन्या लोकांकडेही विचारले. पैसे नाकारल्याचे पत्र आले तेव्हा तिचे वडील चिडून ठाण्याला आमच्याकडे आले. कंपनीचा तो गृहस्थ तेव्हा नवऱ्याकडे बसला होता.

"आम्हांला इंग्रजी येत नाही," वडील म्हणाले. "अट आम्हांला कळली नाही. निदान हप्ते तरी परत द्या."

त्या गृहस्थाने माझा छापील कागद पुढे केला, खाली जावयाची सही असलेली पोच. "हे मराठी कळत नाही?"

वडिलांनी वाचले. कळण्यासारखे नव्हते असे एकही वाक्य त्यात नव्हते. कागद तिथेच ठेवून ते उठून गेले.

"पूर्वी असं कोणी म्हटलं, तर हप्ते परत करून मोकळं व्हावं लागे," तो गृहस्थ नवऱ्याला समजावून सांगत होता. "कोर्टात गेले तर न्यायाधीश म्हणायचा, बिचाऱ्यांना समजणार कसं? या कागदानं ते काम मिटवलं." मग मी आतून ऐकते आहे हे जाणून त्याने आवाज चढवला, "बाईंचे कंपनीवर उपकार आहेत! हप्ता चुकल्यावर विमा बुडतो, त्या परिच्छेदाचंही असंच करून द्या म्हणावं."

मंजुरी आठवड्यात का आली होती, ते मला तेव्हा उमगले.

नवरा आत येऊन म्हणाला, "ऐकलंस ना?"

"मी काही ऐकलं नाही," मी म्हणाले. तो माझ्याशी चार दिवस बोलला नाही, आणि मला ते सोयीचेच झाले.

वडिलांनी मुलीला ठेवून घेतले नाही. घरात दोन सुना, धाकटीचे लग्न व्हायचे. मुरबाडचा दीर न्यायला आला. विम्याचे पैसे आले असते, तर ती माझ्या बहिणीच्या माडीवर खोली घेऊन राहणार होती. भाडे ठरले होते, मुलीला शाळेत घालायचे ठरले होते. आता दिराच्या घरचा स्वयंपाक, दळण आणि कोपरा.

बैलगाडी निघायच्या आधी मी तिला भेटायला गेले. दीर गाडीवानाशी घासाघीस करत होता, की बाई आणि पोर मिळून एकाच माणसाचे भाडे घ्यावे. वन्सं आधीच गाडीत चढून बसल्या होत्या.

"मी त्यांना लिहिते," मी म्हणाले. "निदान हप्त्यांसाठी."

"नको वहिनी. काय लिहाल? आम्हांला कळलं नाही म्हणून?" तिने पदर कपाळावर ओढला. "मला पहिल्याच वाचनात कळलं होतं. तुम्ही थोडं वाईट लिहायला हवं होतंत."

वाईट लिहिले असते, तर तिला हप्ते परत मिळाले असते. चांगले लिहिले म्हणून ती दोन वर्षे सगळे जाणून त्या घरात चहा करत राहिली.

हप्ता चुकल्याचा तो दुसरा परिच्छेद कंपनीने मग नवऱ्याकडूनच करून घेतला. त्यात 'तत्प्रीत्यर्थ' दोनदा आहे. लोक तो न वाचता सही करतात. मी तो दुरुस्त करत नाही.