सकाळची बॅच आणि माझं एक वाक्य

फोनवर तुम्ही विचारता, आजी, तू अजून क्लासला जातेस का? तुमच्या आईबाबांना वाटतं की मी घरी बसावं. मी जाते. मात्र सकाळची मोठी बॅच आता माझ्याकडे नाही. ती कशी गेली ते मी लिहून ठेवते आहे, कारण फोनवर ते नीट सांगता आलं नसतं.

इंग्रजीचा हा क्लास औरंगपुऱ्यात आहे, कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर. चालवणारा कॉलेजात माझा विद्यार्थी होता. गंगापूरकडचं शेतकरी घर, पण याला इंग्रजीचं वेड. मी निवृत्त झाल्यावर तो घरी आला आणि म्हणाला, मॅडम, सकाळच्या बॅचचं व्याकरण तुम्हीच घ्या. परदेशी जायची परीक्षा देणाऱ्या नर्स, बँकेच्या परीक्षेला बसणारी मुलं, असे सगळे त्या बॅचला येतात. तुम्ही तिकडे परदेशात गेल्यापासून माझी सकाळ त्या बॅचवरच उभी होती. सहाला उठायचं, साडीला इस्त्री करायची, खडूची डबी पर्समध्ये टाकायची.

या वर्षी त्यानं आणखी एक शिक्षिका आणली. पाचोडची, तिशीतली. मुलं तिला ताई म्हणतात. मला मॅडम म्हणतात. तिच्या वर्गातलं हसू प्लायवूडच्या भिंतीतून माझ्या फळ्यापर्यंत यायचं. व्याकरणात हसण्यासारखं काय असतं, हे मला कळत नसे. ‘लई सोप्पंय’ असं ती म्हणायची, आणि माझ्या हातातला खडू मोडायचा.

आमच्या क्लासची एक रीत आहे. नवी बॅच सुरू होताना दोन शिक्षक एकामागून एक त्याच मुलांना एकच धडा शिकवतात. पालक मागं बसतात. दुसऱ्या दिवशी मुलांनी हव्या त्या खोलीत जाऊन बसायचं. कुणी कुणाला विचारत नाही, कुणी कारण सांगत नाही. आजवर माझ्या बॅचसाठी दुसरं कुणी उभंच राहिलं नव्हतं, त्यामुळे ही रीत मला फार न्यायाची वाटायची.

या वेळी धडा होता इच्छेच्या वाक्यांचा. तुम्ही ती वाक्यं श्वास घेतल्यासारखी बोलता. इथं त्यासाठी फी भरून बसावं लागतं. आधी मी शिकवलं. फळ्याचे तीन भाग केले. पहिल्यात ‘इफ ओन्ली आय न्यू’, मला माहीत असतं तर: क्रियापद भूतकाळाचं, गोष्ट आत्ताची. दुसऱ्यात ‘इट्स टाइम वुई लेफ्ट’: अजून निघालेलो नाही, तरी ‘लेफ्ट’. तिसऱ्यात ‘आय सजेस्ट दॅट ही गो’: परीक्षेत ‘गो’ला एस लावायचा नाही, आणि ‘सजेस्ट हिम टू गो’ असं तर कधीच म्हणायचं नाही. आपली सगळी मुलं नेमकी तीच चूक करतात. त्याला जायला सुचवलं, हे मराठी त्यांच्या डोक्यात असतं. सगळ्यांनी मुकाट्यानं उतरवून घेतलं. एक आई मान हलवत होती. तास चांगला झाला होता, हे आजही म्हणते.

मग तिची पाळी आली. मी बाहेर जायला हवं होतं. गुडघा दुखतो म्हणून मागच्या बाकावर बसून राहिले. गुडघा दुखत नव्हता.

तिनं खडू उचललाच नाही. म्हणाली, जे व्हायला पाहिजे आणि झालं नाय, ते आधी मराठीत सांगा, खरंखुरं. एक नर्स म्हणाली, नाइट ड्युटी नसती तर किती बरं झालं असतं. मग त्या नर्सनंच त्याचं इंग्रजी केलं, ‘इफ ओन्ली आय डिडन्ट हॅव नाइट ड्युटी.’ मग एक मुलगा उठला. त्याला वडिलांनी आता तरी गाडी घेऊन द्यायला हवी होती. वडील माझ्या शेजारीच बसले होते. मुलगा चाचरत म्हणाला, ‘इट्स टाइम माय फादर बॉट मी अ बाइक.’

“इंग्रजीत मागितली तरी नाय मिळणार,” वडील म्हणाले.

वर्ग हसला. ती पण हसली. म्हणाली, काकांनी गाडी दिली का? नाय. म्हणूनच ‘बॉट’. जे खरं नाय, ते काळात एक पाऊल मागं सरकवून बोलायचं. मग काकांनाच विचारलं, मुलानं काय करावं असं तुम्ही सुचवता? त्यानं आधी पास व्हावं, काका म्हणाले. तिनं ते धरलं. त्यानं व्हावं, तिनं व्हावं, त्यांनी व्हावं. ‘व्हावं’ बदलतंय का कुठं? तसंच ‘आय सजेस्ट दॅट ही पास फर्स्ट’. एस कशाला पाहिजे?

मला तिचा हेवा वाटला. साधासुधा नाही. आमच्या शाळेत मराठी बोललं तर बाकावर उभं करत. ‘व्हावं’ मी रोज घरात म्हणते, पण ते वर्गात न्यायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिला कुणी शिकवायची गरजच पडली नव्हती. तिनं चुकावं असं मला वाटत होतं. मी एकेक वाक्य कान देऊन ऐकलं. ती चुकली नाही.

तिच्या वर्गात कुणालाच सुटका नसते. बाकामागून बाक करत ती माझ्यापाशी आली.

“मॅडम, तुमचं पण एक व्हायला पाहिजे. पण खरं सांगायचं.”

पुस्तकातली शंभर वाक्यं मला पाठ आहेत. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. मी म्हणाले, “इफ ओन्ली माय ग्रँडचिल्ड्रन लिव्ह्ड हिअर.”

तिनं सवयीनं वर्गाकडे वळून विचारलं, “राहतात का?”

“नाय,” सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

नियम बरोबर होता. ती माझ्याकडे न बघता शेजारच्या बाकाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत पहिल्या बाकावरच्या दोन नर्स होत्या. बाकीच्या बाकांवर ऊन पसरलं होतं. पलीकडे मुलं खिडकीच्या कट्ट्यावरसुद्धा बसली होती. क्लास चालवणारा माझ्यासाठी चहा घेऊन आला. कप ठेवला, उचलला, परत ठेवला. आधी उन्हाळ्याबद्दल बोलला, मग माझ्या गुडघ्याबद्दल.

“मॅडमनी आता जरा आराम करावा, असं आपलं मला...”

“मॅडम समोर बसल्यात. तू कुणाबद्दल बोलतोयस?”

त्यानं कप पुन्हा उचलला. मग मीच म्हणाले की बॅच तिनं घ्यावी, निबंध तपासायचं काम माझ्याकडे राहावं. काढून घेतलं जाण्यापेक्षा आपण दिलेलं बरं, इतकाच त्यात मोठेपणा होता. त्याला इतकं हायसं वाटलं की माझा चहा तोच पिऊन गेला.

दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली. रागावलात का, असं तिनं विचारलं नाही, ते बरं केलं. निबंधांचा गठ्ठा ठेवला आणि तिथंच घुटमळली.

“मॅडम, तुमचं कालचं वाक्य पुढच्या बॅचला सांगू का? पोरांना लगेच कळलं बघा.”

“नाही,” मी म्हणाले. “नाइट ड्युटी सांग, गाडी सांग. ते वाक्य माझं आहे.”

“व्हय, मॅडम,” ती म्हणाली, आणि मी वरचा निबंध उघडला.