विचारल्याबिगर फोटू न काढनारी

विचारल्याबिगर फोटू काढायची न्हाई ती पोर. मानसाचा सोडाच, गोठ्यातल्या म्हशीचा काढायचा तरी मालकाला विचारायची. म्हनून वाडीत तिचं नावच पडलं, इचारी. दहावीला हुती तवा. तिचा आप्पा जंगलखात्यात रोजानं जायचा.

शाळंतल्या मास्तरनीनं पोरांना सांगितलेलं, गावातली एक अडचन धरा अन् फोनवर पाच मिनटांची फिल्म करा. चौघं पोरं माझ्या पडवीत येऊन बसली. एक म्हनाला, गनेशगुडीला होडीत बसायला येनारे पावने नदीत बाटल्या टाकत्यात, त्ये करू. दुसरी म्हनाली, रेंजसाठी टेकडी चढावी लागती, त्ये. एकाला बस न्हाई म्हनून सातवीनंतर घरी बसलेल्या पोरी दाखवायच्या हुत्या.

इचारी सगळ्यांचं ऐकून घ्यायची अन् एकच पुसायची, "ही बघून कोन काय करनार? त्ये सांगा आधी."

"बक्षीस देतील की," एक जन म्हनाला.

"बक्षीस तुझ्या घरात र्‍हाईल. अडचन तिथंच र्‍हाईल."

मग तिनं जोळीचं धरलं. आमच्याकडं आजारी मानसाला कंबळीत घालून, कंबळ बांबूला बांधून, खांद्यावरनं सडकंला न्ह्येत्यात. मधी व्हाळ, म्हंजे वढा. त्येच्यावर नुसतं लाकूड टाकल्यालं, पावसात वाहून जातं. माझा मालक त्या व्हाळाच्या काठाला ग्येला. पोटात कळ आल्याली. पानी उतरायची वाट बघत जोळी दगडावर टेकवली, अन् पानी उतरायच्या आधी त्यो ग्येला. माझी नात तवा पोटुशी हुती, दिस पावसातच भरनार हुते. पावसाआधी साकव झाला न्हाई तर तिलाबी त्याच काठाला बसायचं हुतं. पंचायतीला सांगून सांगून तोंड दुखलं हुतं. म्हनून इचारीनं ठरवलं, फिल्म पंचायतीला दाखवायची. तिथं कानडी चालती, म्हनून खाली अक्षरं कानडीत.

पयल्या दिवशी पोरांनी जोळी बांधली. इचारी आत पडनार, बाकीची उचलनार. मी आडवी ग्येले. "जित्या मानसानं खेळ म्हनून जोळीत पडायचं न्हाई ग. आमच्यात चालत न्हाई."

पोरं म्हनली, "अज्जी, नाटकच हाय." एकजन हसला, "हिला उचलून आमीच मरतोय."

इचारी हसली न्हाई. उठली, कंबळ घडी घालून माझ्या हातात दिली. "मला ठाऊक न्हवतं, अज्जी. मग मानूसच नको दाखवू या."

अन् तिनं नुसती वाट काढली. जिथं खांदा बदलत्यात त्यो वळनाचा आंबा. बांबू टेकून टेकून गुळगुळीत झाल्याली फांदी. व्हाळावरचं लाकूड, चिखलात घसरल्याली टाच. जलमभर त्याच वाटंनं ग्येले मी, पन त्या फोनमधी बघितली तवा वाटलं, ही वाट एवढं बोलती व्हय?

दगडाजवळ आली अन् थांबली. "अज्जी, ह्येचा काढू?"

"काढ."

"अज्जानांबी विचारा की."

मी दगडावर हात ठिवला. मग म्हनलं, "काढ म्हनत्यात."

माझं बोलनं मात्र तिनं व्हाळाजवळ घेतलं न्हाई. पान्याच्या आवाजात बुडंल म्हनाली. भाताच्या कोठीच्या खोलीत दार लावून घेतलं, अन् व्हाळाचा आवाज येगळा भरून आनला. मालकाचं सांगताना मी मधीच गप झाले. म्हनलं, त्ये काप. ती म्हनाली, "तुमी म्हनत असाल तर कापते. पन तुमचं गप र्‍हानं मला पाह्यजे." मी र्‍हाऊ दे म्हनलं. फिल्ममधी त्या दगडावर कुनी बोलत न्हाई. नुसतं पानी.

आधी वाडीला दाखवली, शाळंचा प्रोजेक्टर आनून, देवळाच्या भिताडावर पांढरं धोतर बांधून. मग पंचायतीत. अध्यक्ष कानडीत म्हनाले, "जोळीत कोन हाय त्ये दिसलंच न्हाई."

इचारी हळूच म्हनाली, "तुमच्या घरातलं कोनबी असंल, साहेब."

अध्यक्षांनी फिल्म पयल्यापासनं परत लावायला सांगितली.

मिरग लागायच्या आत पंचायतीनं व्हाळावर लोखंडी साकव घातला. नातीला कळा सुरू झाल्या तवा पानी खालनं गरजत हुतं, अन् जोळी वरनं ग्येली. पोरगी झाली. दोघी चालत घरी आल्या, म्हंजे आई चालत अन् लेक कुशीत.

पुढच्या वर्साला इचारी शिकायला धारवाडला निघाली. साकवावर माझ्या पाया पडली. मी म्हनलं, "सगळ्यांचे काढलेस, तुझा कोन काढनार?" तिनं फोन माझ्या हातात दिला. पयल्यांदाच फोन धरला हुता मी. काचंत ती येवढीशी दिसली, मागं त्यो दगड.

मी बोट टेकवनार, तर ती म्हनाली, "विचारलात का?"

"काढू का ग बाय?"

"काढा, अज्जी."

फोटूत डोकं कापलं ग्येलं तिचं. नुसते पाय आले, साकवावर घट्ट उभं र्‍हायल्याले. दुसरा काढते म्हनलं, तर म्हनाली, नको, ह्योच खरा हाय.